आपला फोन सरकारने कधी ऐकावा? खासगीपणाच्या हक्काची न्यायालयीन कसोटी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यावर लाच दिल्याचा आरोप आहे. गोदामाच्या परवानगीची फाइल लवकर पुढे सरकावी म्हणून त्याने एका अधिकाऱ्याला दोन लाख रुपये देऊ केले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. नाशिकच्या विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल होते, त्याची प्रत व्यापाऱ्याच्या वकिलांना मिळते आणि त्या जाडजूड गठ्ठ्यात व्यापाऱ्याच्या स्वतःच्या फोनवरील संभाषणांचे शब्दशः उतारे सापडतात. आपला फोन चार महिने ऐकला जात होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळते. लाचेशी संबंध जोडता येईल अशी दोन-तीन वाक्ये त्यात आहेत. पण ती मिळवण्यासाठी त्याचे पत्नीशी झालेले बोलणे, डॉक्टरांशी झालेले बोलणे आणि भावकीतल्या वाटणीवरचे वादही कोणीतरी ऐकलेले असणार, हे उघड आहे.

सरकारला असे करता येते का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. करता येते, पण केव्हाही आणि कोणत्याही कारणासाठी नाही, असे त्याचे उत्तर आहे. ही मर्यादा कोठून आली आणि न्यायालय ती कशी तपासते, हे समजले तर खासगीपणाच्या हक्कावरील बराचसा कायदा समजल्यासारखा आहे. म्हणून या लेखात आधार कार्डापासून कॅमेऱ्यांपर्यंत सर्वत्र न फिरता मुख्यतः फोन टॅपिंगचाच धागा धरला आहे.

राज्यघटनेत ‘खासगीपणा’ हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत कोठेही नाही. अनुच्छेद २१ एवढेच सांगतो की, कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. जीवित म्हणजे केवळ श्वास चालू असणे की माणसासारखे जगता येणे, आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य म्हणजे केवळ तुरुंगाबाहेर असणे की आपल्या घरात, आपल्या माणसांशी, कोणाच्या नजरेखाली न राहता वावरता येणे, या प्रश्नांची उत्तरे न्यायालयांना शोधावी लागली आणि त्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

सुरुवात सरकारच्या बाजूने झाली. १९५४ मध्ये झडती आणि जप्तीसंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने असे म्हटले की, खासगीपणाचा असा हक्क आपल्या घटनाकारांनी मान्य केलेला नाही. त्यानंतर १९६२ मध्ये खडक सिंग यांचे प्रकरण आले. उत्तर प्रदेशातील या माणसाला दरोड्याच्या एका गुन्ह्यात पकडण्यात आले होते. पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद ठेवून पाळत सुरू केली. घरावर गुप्त नजर ठेवणे, तो कोठे जातो-येतो याची नोंद करणे आणि रात्री दार ठोठावून तो घरात आहे की नाही हे पाहणे, या सगळ्याला त्या राज्याच्या पोलीस नियमावलीचा आधार होता. सहा न्यायमूर्तींच्या पीठातील बहुमताने रात्रीच्या भेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरवल्या आणि बाकीची पाळत कायम ठेवली, कारण खासगीपणा हा घटनेने हमी दिलेला हक्क नाही, असे त्यांचे मत होते. या निकालातील विसंगती आज वाचताना लगेच खटकते. रात्री घरात शिरणे चूक ठरते ते माणसाच्या घराला काही मोल आहे म्हणूनच, आणि ते मोल मान्य केल्यावर खासगीपणा नाकारायचा तो कोणत्या आधारावर? न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमतात राहून तेव्हाच हे सांगितले होते, आणि त्यांच्या मते ती सगळीच नियमावली टिकण्यासारखी नव्हती.

या दोन निकालांमुळे एक चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. पुढच्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या लहान पीठांनी अनेकदा खासगीपणा हा अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे मानले. परंतु मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मोडता येत नसल्यामुळे सरकारकडे १९५४ आणि १९६२ ही दोन अस्त्रे कायम शिल्लक राहिली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला आव्हान दिले, तेव्हा केंद्र सरकारने २०१५ मध्ये हीच अस्त्रे काढली आणि नागरिकांना खासगीपणाचा मूलभूत हक्क मुळात आहेच कोठे, असा युक्तिवाद केला. प्रश्न अखेर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या सर्वांनी एकमुखाने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे. १९५४ आणि १९६२ च्या निकालांतील विरोधी विधाने मोडीत निघाली.

पण त्याच निकालाने हेही स्पष्ट केले की हा हक्क अमर्याद नाही, आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. एका पारड्यात नागरिकाचा खासगीपणा, दुसऱ्यात राष्ट्राची सुरक्षितता, आणि न्यायाधीश काट्याकडे पाहत आहेत, असे तराजूचे चित्र पुष्कळांच्या मनात असते. ते फसवे आहे. तराजू असाच वापरला तर एका माणसाच्या फोनपेक्षा देशाचे पारडे नेहमीच जड भरेल आणि प्रत्येक खटला सरकारच जिंकेल. न्यायालय प्रत्यक्षात काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारते, आणि त्यांपैकी कोणत्याही एका प्रश्नावर सरकार अडखळले तर पुढे जाण्याची गरजच उरत नाही.

पहिला प्रश्न असा की, या कृतीला कायद्याचा आधार आहे का? परिपत्रक, तोंडी सूचना किंवा वर्षानुवर्षांची पद्धत म्हणजे कायदा नव्हे. दुसरा प्रश्न असा की, राज्याचा हेतू वैध आहे का? राष्ट्रीय सुरक्षितता, गुन्ह्यांना प्रतिबंध, अनुदानाची गळती थांबवणे असे हेतू न्यायालयाने वैध मानले आहेत, त्यामुळे या पायरीवर सरकार सहसा अडत नाही. तिसरा प्रश्न प्रमाणबद्धतेचा आहे. निवडलेला उपाय त्या हेतूकडे खरोखर नेतो का, कमी त्रासाचा तितकाच परिणामकारक उपाय उपलब्ध होता का, आणि झालेला अतिक्रमणाचा घाव मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार मोठा आहे का, हे येथे पाहिले जाते. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात यांना चौथी अट जोडली: दुरुपयोग रोखणारी कार्यपद्धती कायद्यातच असली पाहिजे.

हा क्रम कसा काम करतो, हे आधारच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात उत्तम दिसते. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी आधार कायद्याचा मुख्य भाग टिकवला आणि शिधा किंवा अनुदान मिळवण्यासाठी आधार मागणे वैध ठरवले. मोबाइलच्या सिमकार्डाशी आधार जोडण्याची सक्ती मात्र पहिल्याच पायरीवर कोसळली, कारण ती केवळ एका परिपत्रकातून आली होती आणि तिच्यामागे कायदा नव्हता. बँक खात्याशी जोडण्याच्या सक्तीला नियमाचा आधार होता, काळा पैसा रोखण्याचा हेतूही वैध होता. ती तिसऱ्या पायरीवर पडली. काही थोड्या लोकांच्या गैरव्यवहारासाठी देशातील प्रत्येक खातेदाराला संशयित मानून त्याचे खाते बंद करण्याची धमकी देणे प्रमाणबाह्य आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. एकाच दिवशी, एकाच ओळखपत्राबाबत तीन वेगळी उत्तरे आली, ती या क्रमामुळे.

आता फोनकडे वळू. आपल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न फार वेळ टिकत नाही, कारण फोन ऐकण्याला कायद्याचा आधार आहे. हा आधार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) मध्ये होता आणि आता त्याची जागा दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २०(२) ने घेतली आहे. डिसेंबर २०२४ पासून त्याचे स्वतंत्र नियमही लागू आहेत. जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांची रचना सारखी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रथम दोन परिस्थितींपैकी एक तरी अस्तित्वात असली पाहिजे: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची गरज. ती असेल तरच पुढे जाऊन, देशाची सार्वभौमता व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी मिळण्यास प्रतिबंध, अशा मोजक्या कारणांपैकी एखादे कारण लेखी नोंदवून आदेश काढता येतो. म्हणजे कुलपे दोन आहेत, आणि दुसरे उघडले म्हणून पहिले आपोआप उघडत नाही.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जात असल्याच्या बातम्यांवरून ती याचिका उभी राहिली होती. घरात किंवा कचेरीत बसून फोनवर बोलणे हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोन्ही गुपचूप ठरवायच्या गोष्टी नाहीत, कोणत्याही समंजस माणसाला त्या परिस्थितीत दिसून आल्या पाहिजेत, असेही स्पष्ट केले. त्या वाक्याचे महत्त्व फार आहे, कारण त्यामुळे ‘आम्हाला माहीत आहे, तुम्हाला सांगता येणार नाही’ हे उत्तर निदान पहिल्या कुलपापुरते बंद झाले.

न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीशिवाय फोन ऐकताच कामा नये, अशी मागणीही त्या याचिकेत होती. ती न्यायालयाने मान्य केली नाही. त्याऐवजी एक कार्यपद्धती घालून दिली आणि पुढे तीच नियमांत आली. केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात गृह विभागाचा कारभार पाहणारे सचिव यांनीच आदेश काढायचा. माहिती दुसऱ्या कोणत्याही वाजवी मार्गाने मिळवता आली असती का, याचा विचार आदेशापूर्वी करायचा. आदेशाची प्रत सात कामकाजी दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे पाठवायची आणि समितीने दोन महिन्यांत तो नियमानुसार आहे की नाही हे तपासायचे. आदेश ६० दिवस चालतो; मुदत वाढवता येते, पण एकूण १८० दिवसांपलीकडे नाही. अत्यंत निकडीच्या वेळी तपास यंत्रणेतील ठरावीक वरिष्ठ अधिकारी आधी ऐकणे सुरू करू शकतात, मात्र सात कामकाजी दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची पुष्टी मिळाली नाही तर ते थांबवावे लागते. आपल्या व्यापाऱ्याचा फोन चार महिने ऐकला गेला, याचा अर्थ एक मूळ आदेश आणि निदान एक मुदतवाढ कागदावर असायलाच हवी. नाशिकच्या पोलीस आयुक्तांना किंवा ग्रामीण पोलीस अधीक्षकांना असा आदेश स्वतःच्या सहीने काढता येत नाही. कागद मंत्रालयातून किंवा दिल्लीतून आलेला असला पाहिजे.

येथे एक गल्लत वारंवार होते. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कोणत्या मनोऱ्याच्या परिसरात होता, याची यादी, म्हणजे सीडीआर, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात बोललेला एक शब्दही नसतो आणि ती मिळवण्यासाठी गृहसचिवांची सही लागत नाही; तपासासाठी कागदपत्रे मागवण्याच्या सर्वसाधारण अधिकारातून पोलीस ती कंपनीकडून घेतात. वर्तमानपत्रात ‘फोन तपासला’ असे छापून येते तेव्हा बहुतेक वेळा हीच यादी अभिप्रेत असते.

आता नाशिकसाठी सर्वांत महत्त्वाचा निकाल पाहू. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्यामुळे त्या न्यायालयाचा निकाल येथील विशेष न्यायालयावर बंधनकारक असतो. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने मुंबईतील एका व्यावसायिकाच्या याचिकेवर निर्णय दिला. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जविषयक सवलतीसाठी दहा लाख रुपयांची लाच दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता, आणि सीबीआयच्या तपासासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २००९ व २०१० मध्ये त्यांचा फोन ऐकण्याचे तीन आदेश काढले होते. आदेशात कारण म्हणून सार्वजनिक सुरक्षितता नमूद केलेली होती.

खंडपीठाने विचारलेला प्रश्न साधा होता. या लाचेच्या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षितता कोठे आली? सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे एकंदर जनतेला गंभीर धोक्यापासून किंवा जोखमीपासून मुक्त असण्याची अवस्था, हा अर्थ १९९६ च्या निकालातूनच ठरलेला होता, आणि एका कर्जप्रकरणातील लाचेमुळे जनतेवर तसा धोका ओढवल्याचे दाखवणारे काहीही सरकारला मांडता आले नाही. शिवाय आदेश पुनर्विलोकन समितीपुढे ठेवण्याची नियमातील सक्तीही पाळली गेलेली नव्हती. तिन्ही आदेश रद्द झाले, ध्वनिमुद्रणे आणि त्यांच्या प्रती नष्ट करण्याचे निर्देश दिले गेले, आणि खटला पुढे चालवायचा तर ती संभाषणे विचारात न घेता चालवावा, असे ठरले. उद्दिष्ट चांगले असले म्हणून कोणताही मार्ग चालतो, हे मान्य केले तर घटनेतील हक्कांना अर्थ उरणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालात न्यायालयाने लाच हा किरकोळ गुन्हा आहे असे कोठेही म्हटलेले नाही, आणि अनेक जण नेमके येथेच चुकतात. गुन्हा किती गंभीर आहे हा प्रश्न तिसऱ्या पायरीचा आहे. सरकार त्याआधीच, कायद्याने घातलेल्या पहिल्या अटीवर अडले. जो कायदा आधार म्हणून पुढे केला त्याच कायद्याची अट पाळली नाही, म्हणजे त्या कृतीला कायद्याचा आधारच नव्हता. व्यवहारात सरकार हरते ते बहुधा असेच, फार मोठ्या तत्त्वावर नव्हे, तर फाइलमध्ये जे असायला हवे होते ते नव्हते म्हणून.

हीच मोजपट्टी पिंपळगावच्या प्रकरणाला लावू. आदेशात ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली गोदामाच्या परवानगीसाठी लाच दिल्याचा संशय एवढेच कारण आहे. मुंबईच्या निकालानुसार हा आदेश टिकणे कठीण आहे. त्यातच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे सापळा लावण्याचा रुळलेला मार्ग उपलब्ध होता, तो का वापरला नाही याचा विचार झाल्याचे फाइलमध्ये दिसत नसेल, तर कमी त्रासाच्या उपायाच्या प्रश्नावरही सरकारपाशी उत्तर राहत नाही.

आता तथ्ये बदलून पाहू. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर पोलिसांना ठोस माहिती मिळते की एका विशिष्ट क्रमांकावरून रामकुंड परिसरात घातपाताची आखणी चालली आहे. पर्वणीच्या दिवशी पंचवटीत किती गर्दी लोटते आणि तेथे नुसत्या अफवेनेही काय होऊ शकते, हे २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी आठवणाऱ्या नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही. येथे जनतेवरील धोका कोणत्याही समंजस माणसाला दिसणारा आहे, आखणी गुप्त असल्यामुळे दुसरा मार्ग हाती लागण्याची शक्यता कमी आहे, आणि एका क्रमांकापुरते व मुदतीपुरते ऐकणे प्रमाणात बसते. असा आदेश न्यायालयात टिकेल. मात्र त्याच सिंहस्थाचे कारण पुढे करून पंचवटीतील सगळ्या लॉजमालकांचे फोन सरसकट ऐकायचे ठरवले, तर हेतू तोच आणि तितकाच वैध असूनही आदेश पडायला हवा. हेतूच्या मोठेपणामुळे उपायाला सूट मिळत नाही.

संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्रात वेगळी वाट आहे. १९९९ च्या मोक्का कायद्यात संभाषणे ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मला या तरतुदीची एक गोष्ट केंद्रीय कायद्यापेक्षा सरस वाटते: तपासाचे नेहमीचे मार्ग वापरून पाहिले आणि ते निष्फळ ठरले, किंवा ते यशस्वी होण्याची शक्यता नाही, किंवा ते फार धोक्याचे आहेत, असे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ठरवावे लागते. प्रमाणबद्धतेचा प्रश्न येथे कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. याच्या उलट टोकाला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ आहे. संगणकावरील किंवा इंटरनेटवरील माहिती मिळवण्यासाठी ते वापरले जाते, आणि त्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची अट नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारणही तेथे चालते. मुंबईच्या निकालाचा आधार त्या कलमाखालील आदेशाला जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि माणसांचे बोलणे साध्या कॉलवरून इंटरनेटकडे सरकत असताना ही फट लहान म्हणता येत नाही.

मुंबईचा निकाल शेवटचा शब्द आहे असेही समजू नये. २०२५ च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या एका प्रकरणात वेगळा कल घेतला: मोठ्या आर्थिक व्याप्तीचा भ्रष्टाचार समाजावर इतका खोल परिणाम करतो की तो सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत येऊ शकतो, असे तेथे मानले गेले आणि टॅपिंगचा आदेश टिकला. त्यानंतर काही दिवसांतच मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्या बाजूने जाणारा निकाल दिला आणि सामान्य गुन्ह्याच्या तपासासाठी हे हत्यार वापरता येणार नाही असे सांगितले. माझ्या मते मद्रास आणि मुंबई यांचा अर्थ कायद्याच्या शब्दांना अधिक धरून आहे. भ्रष्टाचार रोखण्यासाठी फोन ऐकणे आवश्यक आहे असे संसदेला वाटत असेल, तर ते कारण कायद्यात लिहिण्याची संधी २०२३ मध्ये होती. नवा कायदा करताना ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हेच शब्द ठेवले गेले.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी खरी दुबळी जागा आहे. पहिली म्हणजे पुनर्विलोकन समिती. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात आणि सदस्यही सचिवच असतात, म्हणजे एका सचिवाचा आदेश दुसरे सचिव तपासतात. तिच्यात न्यायाधीश नाही, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला ते कधीच कळवले जात नाही. व्यापाऱ्याला कळले ते खटला उभा राहिला म्हणून. ज्यांचे फोन ऐकूनही काहीच सापडले नाही, त्यांना आपल्याविरुद्ध असा आदेश निघाला होता हे समजण्याचा मार्ग नाही, आणि जे समजतच नाही त्याला आव्हान देता येत नाही.

दुसरी दुबळी जागा पुराव्याच्या कायद्यात आहे. पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला, एवढ्याच कारणावरून तो बाद होत नाही, तो खटल्याशी संबंधित आणि खरा आहे की नाही हे पाहावे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकात घेतली. त्यांतील १९७२ चा एक निकाल महाराष्ट्रातील फोन संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाविषयीच होता. हे निकाल खासगीपणा मूलभूत हक्क ठरण्यापूर्वीचे आहेत, आणि मूलभूत हक्क मोडून मिळवलेल्या पुराव्याला तोच न्याय लावता येणार नाही, असा मुंबईच्या निकालाचा रोख आहे. जुने निकाल मात्र रद्द झालेले नाहीत. त्यामुळे सरकारी वकील ते पुढे करतात आणि प्रत्येक प्रकरणात हा वाद नव्याने लढावा लागतो.

म्हणून पिंपळगावच्या व्यापाऱ्याच्या वकिलांचे पहिले काम संभाषणांच्या मजकुरावर खुलासा देण्याचे नसते. ते विशेष न्यायालयाकडे अर्ज करून मूळ आदेश, मुदतवाढीचा आदेश आणि पुनर्विलोकन समितीच्या निर्णयाची प्रत मागतात, तारखा एकमेकींशी ताडून पाहतात, मुदत संपल्यानंतर आणि नवा आदेश निघण्यापूर्वीच्या दिवसांतील एखादे संभाषण उताऱ्यात शिरले आहे का हे शोधतात, आणि आदेशातील कारणांचा परिच्छेद वाचतात. तेथे कायद्यातील शब्दांच्या पुनरुक्तीपलीकडे काही नसेल, तर साक्षीपुरावे सुरू होण्यापूर्वीच आदेश रद्द करण्यासाठी मुंबईत उच्च न्यायालयात याचिका दाखल करणे श्रेयस्कर ठरते, कारण ध्वनिमुद्रण एकदा पुराव्यात वाचले गेले की त्याचा ठसा पुसणे अवघड होते. याचिका मान्य झाली तरी व्यापारी निर्दोष सुटतो असे नाही. सापळा, बँकेच्या नोंदी, साक्षीदार असा दुसरा पुरावा यंत्रणेकडे असेल, तर खटला त्याच्या आधारावर चालू राहतो.